कापसाचा ‘भाव’ अरबीत कसा न्यावा? (दोन चौकटींचं चित्र, विनोद वाटेतच हरवतो)

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. फावल्या वेळात दोन चौकटींची व्यंगचित्रं काढतो. त्यातलं एक यंदा इकडच्या ग्रुपांवर बरंच फिरलं. पहिल्या चौकटीत घरात आढ्यापर्यंत कापसाची गंजी, कोपऱ्यात युरियाचं रिकामं पोतं, अन् टोपीवाला नवरा म्हणतो, “कापसाले भाव नाही वो औंदा.” दुसऱ्या चौकटीत चुलीपाशी जेमतेम उरलेल्या जागेत बायको भाकर थापते आहे. मान वर न करता म्हणते, “मले तरी कोन भाव देते ह्या घरात?”

माझा साळा दम्मामला आहे. त्याच्या खोलीत अन् कामावर इजिप्तचे, सुदानचे, सौदी असे सगळे. त्यांनी मोबाईलवर चित्र पाहिलं अन् काय लिहिलं म्हणून विचारलं. यानं एका जोडीदाराला धरून शब्दाला शब्द लावला: “मा फी सिअर लिल-क़ुत्न.” अन् बायकोच्या तोंडी, “व अना, मन युअतीनी सिअर फी हाज़ल-बैत?” कुणी हसलं नाही. एक जण तर नजर चुकवून चहा प्यायला लागला, असं साळा सांगतो.

मला हे चित्र अरबीत नीट करून पाठवायचं आहे. खाली टीप लिहून समजावलेला विनोद मला नको, चित्र पाहताच हसू आलं पाहिजे. इथं अरबी जाणणारं कोणी आहे का?

वणीचा_गजानन
आमच्याकडं खेडा खरेदीवाले लय पाडून मागून राह्यले. दारव्ह्यात काय भाव निघाला आज?

दारव्हेकर
गजाननभाऊ, बाजाराचा धागा वेगळा आहे, तिथं सकाळीच कोणीतरी टाकलंय. इथं अरबी भाषांतराचं चाललंय.

नागपुरी_पोट्टा
अरबी म्हटल्यावर मी भाजीच समजलो राजेहो. आमची आई पानाच्या वड्या करते.

अकोटचा_सलीम
दारव्हेकर भाऊ, सोपं आहे. ‘सिअर’ काढा अन् ‘क़द्र’ टाका. उर्दूत आपण म्हणतोच, न कपास की क़द्र, न मेरी क़द्र. शब्द मूळचा अरबीच आहे, तिकडं सगळ्यांना कळेल. आणि नवऱ्याच्या वर ‘ग़रीब किसान’ असं लिहून द्या, म्हणजे संदर्भही लागेल.

बाळापूरची_मास्तरीण
सलीमभाई, क़द्र अर्ध्यापर्यंत बरोबर आहे. अर्थ पोचतो, हसू पोचत नाही. ते का, हे खाली सांगते. पण ‘ग़रीब’ मात्र अजिबात लिहू नका. उर्दूत तो कंगाल, अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे विचित्र किंवा परका. चित्रावर ‘विचित्र शेतकरी’ अशी पाटी लागेल. कंगालसाठी तिकडे ‘फ़क़ीर’ म्हणतात. उर्दू येते म्हणून अरबी शब्द सरळ उचलायला गेलं की असे खड्डे लागतात. मी हैदराबादला अरबी शिकले, तिथे पहिलं वर्ष बरंचसं हे विसरण्यातच गेलं.

आता मूळ प्रश्न. दारव्हेकरभाऊ, तो माणूस नजर चुकवून चहा का प्यायला, ते बघा. मराठीत ‘भाव देणे’ म्हणजे किंमत देणे आणि विचारपूस करणे, लक्ष देणे. अरबी ‘सिअर’मध्ये दुसरा अर्थ नाहीच. तो निव्वळ बाजारातला दर. त्यामुळे तुमच्या चित्रातली बाई अरबीत विचारते आहे की, या घरात माझा दर कोण लावतो? बाईच्या तोंडी हे वाक्य गेलं की ती विकाऊ असल्याचा वास येतो. म्हणजे विनोद नुसता हरवला नाही, त्याच्या जागी भलतंच काही येऊन बसलं. त्याच कारणानं ‘रख़ीस’, म्हणजे स्वस्त, हा शब्दही तिच्याजवळ फिरकू देऊ नका. वस्तू रख़ीस असली तर चालतं, बाईला ‘रख़ीसा’ म्हटलं की थेट चारित्र्यावर जातं.

क़द्रचं काय होतं? कापसाला मोल नाही, मलाही मोल नाही. दोन्हीकडे शब्द एकाच अर्थानं आला. वाचणारा मान डोलावतो, कारण तो एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरलाच नाही. तुमच्या मराठी चित्रात तो घसरतो, म्हणून हसतो.

पांढरकवडा_सीमेवर
आमच्याकडं आदिलाबादकडची माणसं वेचणीले येतात. त्यांच्या तेलुगूत ‘विलुव’ म्हणतात, वस्तूचंही अन् माणसाचंही मोल. मी तुमचं चित्र त्या बायांना दाखवून सांगून पाह्यलं, त्या हसल्या. मंग मास्तरीणबाई म्हणतात तसं काहून नाही झालं?

बाळापूरची_मास्तरीण
भाऊ, त्यांना कापूस, गंजी, चूल सगळं घरचंच. शब्दानं जे कमी पडलं ते चित्रानं भरून काढलं असेल. शिवाय तुम्ही तोंडानं सांगितलंत, हातवारे केलेत. दम्मामच्या माणसाला फक्त अक्षरं मिळणार.

दारव्हेकर
मॅडम, मग बोलीत काही नाही का? साळा म्हणतो तिकडं पुस्तकी अरबी कोणी बोलतच नाही.

बाळापूरची_मास्तरीण
बोलीत ‘लक्ष देत नाही’ यासाठी छान शब्द आहेत. इजिप्तची बायको म्हणेल, ‘मिश मिअब्बरनी’, म्हणजे मला विचारतच नाही. आखातात ‘वजह देणे’ म्हणतात, शब्दशः तोंड देणे. पण यातल्या एकाही शब्दात बाजार नाही. आणि इजिप्तचं वाक्य सौदी माणसाला समजतं, पण ते इजिप्तचं म्हणूनच समजतं. तुमच्या दारव्ह्याच्या घरात कैरोची बाई बसल्यासारखं होईल.

म्हणून मी ‘भाव’ला प्रतिशब्द शोधणं सोडून देते आणि उलट बाजूनं बघते. अरबीत असा कोणता शब्द आहे जो बाजारातही फिरतो आणि घरातही? तो आहे ‘ग़ाली’. महाग, आणि लाडका, जिवाभावाचा. फोनवर दिवसभर ‘या ग़ाली’, ‘या ग़ालिया’ चालू असतं. दोन्ही अर्थ कैरोपासून कुवेतपर्यंत कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत.

आता चित्र बघा. पहिल्या चौकटीत नवरा म्हणतो: अस-समाद ग़ाली, अद-दीज़ल ग़ाली, अल-बुज़ूर ग़ालिया. खत महाग, डिझेल महाग, बियाणं महाग. दुसऱ्या चौकटीत बायको मान वर न करता एवढंच विचारते: “व अना?” आणि मी?

बियाणं शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. अरबीत निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी लागतं. म्हणून बियाण्याला ‘ग़ालिया’ म्हणावं लागतं, आणि बायकोलाही नेमकं तेच रूप लागतं. ते रूप नवऱ्याच्या तोंडातून आत्ताच निघालेलं आहे, तिनं फक्त स्वतःचं नाव पुढे केलं. हसू वाचणारा स्वतः पूर्ण करतो. आणि ‘व अना’ हे पुस्तकी अरबीतही तेच, बोलींतही जवळजवळ तेच. त्यामुळे कैरो की रियाध हा प्रश्नच शिल्लक राहत नाही.

एक सांगून ठेवते. व्याकरणाचे मास्तर ‘ग़ाली’ऐवजी ‘ग़ालिन’ लिहायला लावतील, नियमानं तेच बरोबर. ऐकू नका. मोबाईलवरच्या चित्रात ते रूप आलं की नवरा बातम्या वाचतोय असं वाटेल.

वऱ्हाडी_विंग
याले म्हनतात माणूस. आपलंही तसंच आहे. “मले कोन भाव देते”चं “मला कोण महत्त्व देतं” केलं की चित्र पुण्याले जाऊन बसते.

बाळापूरची_मास्तरीण
अगदी. डिस्नेच्या चित्रपटांचं अरबी डबिंग कित्येक वर्षं इजिप्तच्या बोलीत व्हायचं. पुढे ते पुस्तकी अरबीत नेलं, तेव्हा तिकडच्या प्रेक्षकांनी हीच तक्रार केली होती. २०११ साली कैरोत ‘टोकटोक’ नावाचं चित्रकथांचं नियतकालिक निघालं, त्यातली माणसं कैरोच्या रस्त्यावरचीच भाषा बोलतात.

मोर्शीची_संगीता
मास्तरीणताई, तुमचं अरबी मले समजत नाही, पन एक बोलू का? तुम्ही कापूसच काढून टाकला. खत महाग, डिझेल महाग, हे तं सगळेच म्हनतात, शहरातला मानूसही म्हनते. ह्या चित्रात दुखनं भावाचं हाय. घरात गंजी लागली, पोट्टे तिच्याच बाजूले झोपतात, अंगाले खाज सुटते, तरी इकता येत नाही काहून का भाव नाही. माही सासू तं म्हने, कापूस हाय का पाव्हना हाय, जातच नाही. ते गेलं तं मंग ते चित्र आमचं कसं राह्यलं?

जुना_सदस्य
संगीताताईंशी सहमत, आणि त्याही पुढे जाऊन म्हणतो. विनोद बदलला तर ते भाषांतर राहत नाही, दुसरं चित्र होतं. मूळ वाक्य तसंच ठेवावं आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळींची टीप द्यावी. वाचणाऱ्याला निदान कळतं की मराठीत ‘भाव’ असा चालतो. ग़ालीमधून त्याला अरबीबद्दल कळेल, आपल्याबद्दल काहीच नाही.

दारव्हेकर
जुने सदस्य, तुमचा मान राखून सांगतो, टीप नको. मला तिकडच्या माणसाला मराठी शिकवायची नाही. संगीताताई म्हणतात ते मात्र मला लागलं. कापूस राहिलाच पाहिजे. गंजी मी काढली आहे, तिचं वाक्यात नावच नाही म्हटल्यावर ती कशाला तिथं?

बाळापूरची_मास्तरीण
संगीताताई, हरकत रास्त आहे. मी कापूस बाहेर ठेवला तो भिऊन. ‘अल-क़ुत्न रख़ीस’, कापूस स्वस्त, असं म्हटलं आणि लगेच बायको “व अना?” म्हणाली, तर तिच्या शेजारी ‘रख़ीस’ येऊन बसतो. नको ते वाचलं जाईल.

मोर्शीची_संगीता
मंग शेजारी कायले ठेवता? कास्तकार रडतो तं आधी आपल्या मालावर रडतो, मंग खर्चावर येतो. आमच्या घरी रोजचंच हाय. “कापूस मातीमोल, खत महाग, बियानं महाग.” कापूस पहिले घ्या, बियानं शेवटी राहू द्या.

बाळापूरची_मास्तरीण
ताई, हे मला सुचलं नव्हतं. अल-क़ुत्न रख़ीस, अस-समाद ग़ाली, अल-बुज़ूर ग़ालिया. “व अना?”

कापसाचं दुखणं पहिल्याच श्वासात आलं. रख़ीस आणि बायको यांच्यामध्ये दोन महाग वस्तू उभ्या राहिल्या. पुल्लिंगी रख़ीस तिला लागूही होत नाही, कारण तिच्या आधीचं रूप ‘ग़ालिया’ आहे. तरी नवऱ्यापुढे दोन उत्तरं आहेतच, म्हणून तो पेचात पडतो. डिझेल काढून टाकलं, तिनांत वाक्य चांगलं वाजतं. आणि युरियाचं पोतं चित्रात आधीच आहे, म्हणजे खताला पुरावा मिळाला.

कुवेतहून_परतलेला
भाषेत तुमच्यापुढं मी काही बोलत नाही. कुवेतला छापखान्यात जाहिराती जुळवायचं काम केलं, म्हणून मांडणीचं सांगतो, नाहीतर एवढी मेहनत वाया जाईल.

अरबी वाचणारा उजवीकडून येतो. तुमच्या दोन चौकटी शेजारी शेजारी असतील तर त्याला बायकोचा प्रश्न आधी दिसेल अन् नवरा नंतर. काही जण सोपा उपाय म्हणून अख्खं चित्र आरशासारखं उलटं करतात. करू नका. लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जाईल, नवऱ्याच्या शर्टाचा खिसा उजवीकडं येईल, पोत्यावरची अक्षरं उलटी. नुसत्या चौकटींची अदलाबदल केली तर आणखी एक होतं. नवरा बायकोकडं तोंड करून बोलत असेल तर अदलाबदलीनंतर तो चित्राच्या बाहेर बघत बोलतो. म्हणून मोबाईलसाठी सरळ वरखाली लावा. वर नवरा, खाली बायको. डावंउजवं संपलं. फक्त एका चौकटीत दोन फुगे असले तर उजवीकडचा आधी वाचला जातो, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरं, अक्षरं. ज्या सॉफ्टवेअरला अरबी जुळवता येत नाही त्यात अक्षरं सुटी होतात अन् उलट्या क्रमानं लागतात. तुम्हाला अरबी वाचता येत नाही, तरी ओळखता येईल. ‘अल-क़ुत्न’ शब्द बघा. सगळ्यात उजवीकडं एक उभी रेघ एकटी, अन् तिच्या डावीकडची चार अक्षरं एकमेकांना चिकटलेली. तशी दिसली तर बरोबर. उभी रेघ डावीकडं गेली किंवा चारही अक्षरं सुटी दिसली तर फाईल परत करा. अन् ठसका द्यायला अक्षरांत जागा वाढवू नका, देवनागरीत खपतं, तिकडं जोड तुटतो. ते लोक शब्दाच्या मधली जोडरेघ लांबवतात.

नागपुरी_पोट्टा
काका, तिकडं अजून कोणता जोक चालला असता ते सांगा ना.

कुवेतहून_परतलेला
अरे, आमच्या छापखान्यात एकदा पकडलेली चूक आठवली. ‘सिअर’ म्हणजे दर. त्याच्या पहिल्या अक्षरावर तीन टिंबं पडली की ‘शअर’ होतं, म्हणजे केस. बाकी अक्षरं तीच, आखूड स्वर लिहीतच नाहीत. “दर पडले, केस पडले” असं छान चित्र होईल. कास्तकारानं टोपी काढली की टक्कल.

दारव्हेकर
काका, हे तर भारी आहे! याचं स्वतंत्र चित्र करतो.

बाळापूरची_मास्तरीण
स्वतंत्रच करा. त्यात बायको राहत नाही. आणि तो डोळ्यांचा विनोद आहे, मोठ्यानं वाचला की स आणि श वेगळे ऐकू येतात, अर्धी मजा जाते. पण लिहिताना क्रियापद एकच ठेवा. दर उतरले आणि केस गळले असं दोन वेगळ्या क्रियापदांनी लिहिलं तर टिंबांकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

अकोटचा_सलीम
मास्तरीणआपा, ग़रीबबद्दल शुक्रिया. मी आमच्या मामूला फोन करून विचारलं, ते रियाधला होते. म्हणाले, बरोबर आहे, पण आधी सांगितलं का नाही, मी तिथं वर्षभर स्वतःला विचित्र म्हणवून घेतलं.

दारव्हेकर
मंडळी, वरखाली लावून, संगीताताईंच्या क्रमानं पाठवलं. काकांनी सांगितलं तसं ‘अल-क़ुत्न’ तपासून घेतलं.

साळ्यानं रात्री कळवलं. सगळ्यात आधी सुदानचा हसला. तो अल-जज़ीराकडचा, म्हणजे त्या टीव्हीचा नाही, दोन नाईल नद्यांच्या मधल्या पट्ट्यातला. म्हणाला, आमच्याकडं कालव्यावर कापूस घेतात. तो गंजीकडं बोट दाखवून बराच वेळ बोलत होता. इजिप्तवाला “व अना” वाचून हसला अन् म्हणाला, माझ्या बायकोला पाठव. सौदीवाला हसला, पण त्याचा प्रश्न होता की कापूस घरात का ठेवलाय, गोदाम नाही का? अन् त्याला तिसरी चौकट पाहिजे, नवऱ्यानं काय उत्तर दिलं ते.

मोर्शीची_संगीता
गोदाम नाही का म्हने. ह्याचंच चित्र काढा पुढचं.

बाळापूरची_मास्तरीण
तिसरी चौकट काढू नका भाऊ. नवऱ्यानं ‘ग़ालिया’ म्हटलं तर गोड होतं आणि संपतं, काही बोलला नाही तर तेच पुन्हा दाखवल्यासारखं होतं.

जुना_सदस्य
मला अजूनही वाटतं की सौदी माणसाचा प्रश्न एका टीपेनं सुटला असता. घरात कापूस का, हे शब्दांच्या खेळाचं काम नाही, माहितीचं आहे. ग़ाली त्याला हसवू शकला, गंजी समजावू शकला नाही.

दारव्हेकर
हे खरं आहे. पण त्यानं विचारलं अन् साळ्यानं सांगितलं, ते मला चित्राखालच्या टीपेपेक्षा बरं वाटतं. आता पुढचं विचारतो. दुसरं एक चित्र आहे, त्यात अडत्या म्हणतो “पांढरं सोनं,” अन् पाटीवर क्विंटलचा भाव लिहिलाय. हे तरी सरळ जाईल ना?

बाळापूरची_मास्तरीण
पांढरं सोनं डोळे मिटून न्या. अरबीत कापसाला ‘अज़-ज़हब अल-अब्यद’च म्हणतात, तेही पांढरं सोनंच. क्विंटल मात्र थांबून करा. तुम्हाला वाटेल ‘क़िंतार’ लिहावं, कारण क्विंटल हा शब्द त्याच्यावरूनच आला आहे. पण इजिप्तचा कास्तकार सरकीसकट कापसाचा क़िंतार १५७.५ किलोचा धरतो. तुमचा १०० किलोचा भाव त्यानं त्या मापाला लावला तर त्याला वाटेल, वऱ्हाडात कापूस फुकटच वाटतात. ‘१०० किलो’ असंच लिहा.

वणीचा_गजानन
फुकटच वाटून राह्यलो ताई, त्याचं काही चुकलं नसतं.

कुवेतहून_परतलेला
पाटीवरचे आकडे बदलणार असाल तर एक. आकडे अरबी ओळीतही डावीकडूनच वाचतात, ते उलटवू नका. इजिप्तमध्ये अन् आखातात त्यांचे स्वतःचे आकडे चालतात, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो अन् शून्य म्हणजे नुसतं टिंब. भावाच्या पाटीवर तेवढं दोनदा तपासा.